तांब्याच्या हंड्यातलं रात्रभराचं पाणी: किती तांबं पोटात जातं? पुरावा काय?

अंबाजोगाईची_सून

नमस्कार मंडळी. घरात वाद चाललाय म्हणून धागा काढतेय.

सासूबाईंकडं त्यांच्या आईनं दिलेला तांब्याचा हंडा आहे. बोअरचं पाणी रात्री त्यात भरायचं आणि सकाळी प्यायचं, हे कितीतरी वर्षांपासून चालू आहे, त्याचं कुणाला काही झालं नाही. पण दिवाळीत आमच्या ह्यांनी तांब्याची नवी बाटली आणली. त्यात जारचं आरओ पाणी भरतात, मोबाईलवर कुणाचं तरी बघून रात्रीच अर्धं लिंबू पिळून ठेवतात आणि उठल्या उठल्या उपाशीपोटी सगळं संपवतात. चार-पाच दिवसांपासून सकाळी त्यांना मळमळतंय, परवा तर उलटी झाली. ते म्हणतात शरीरातली घाण बाहेर पडतेय.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. माझं बाळ सात महिन्यांचं आहे, वरचं दूध पावडरीचं चालू आहे. सासूबाईंचं म्हणणं, पावडर हंड्यातल्या पाण्यात कालव, बाळाची हाडं बळकट होतील. मी अजून टाळतेय, पण कारण सांगता येत नाही. नुसतं नको म्हणलं की सून शहाणी झाली.

तर एका रात्रीत पाण्यात तांबं किती उतरतं, किती चालतं, आणि फायदे खरंच कुणी तपासलेत का? फॉरवर्ड नकोत, माझ्याकडं ढीगभर आहेत.

बालाघाट

ताई, मी रोज सकाळी चार तांबे पाणी पितो, तांब्याच्या पिंपातलं. वजन नऊ किलो उतरलं, गुडघे दुखायचे थांबले, केसही पहिल्यासारखे गळत नाहीत. आपले पूर्वज काय खुळे होते का? सुरुवातीला मळमळतं, शरीराला सवय व्हावी लागते. बाळाला द्यायला काहीच हरकत नाही, आम्ही सगळे पितळेच्या भांड्यातलं दूध पिऊनच वाढलो.

हिरवी_मिरची

बालाघाट दादा, तुम्हीच मागच्या धाग्यावर लिहिलं होतं की रोज पहाटे मुकुंदराजापर्यंत चालत जाता आणि रात्रीचं जेवण सोडलंय. मग वजन पिंपानं उतरवलं का पायांनी?

बालाघाट

दोन्हीनं. पण पाण्यानंच चालायला ताकद येते.

भूजलवाला

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलंय, आता निवृत्त आहे. आधी पुराव्याचं सांगतो, कारण या विषयात पुरावा आहे, फक्त लोक समजतात त्या गोष्टीचा नाही.

सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो 2012 सालच्या शोधनिबंधाचा. बंगळुरूची एक आयुर्वेद संस्था आणि कोलकात्याची पटकीवर काम करणारी राष्ट्रीय संस्था, दोघांनी मिळून केलेलं काम. त्यांनी भूजल घेतलं आणि त्यात मुद्दाम जुलाबाचे जंतू सोडले. पटकीचे, आमांशाचे, टायफॉइडचे, ई-कोलायचे दोन प्रकार, असे. प्रमाण दर मिलिलिटरला साधारण 500. हे पाणी तांब्याच्या भांड्यात साध्या तापमानाला 16 तास ठेवलं. नंतर वाढवून बघितलं तर एकही जंतू हाती लागला नाही. काचेच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यात मात्र ते होतेच. पाण्यात उतरलेलं तांबं निघालं लिटरला सुमारे 177 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.177 मिलिग्रॅम.

एवढंच त्या कामात आहे. वजन, थायरॉइड, गुडघे, केस यांचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. माणसांना पाणी पाजून केलेली चाचणीच नव्हती ती. भांड्यातल्या जंतूंवरची होती.

आणि 16 तास हा आकडा नीट लक्षात ठेवा. आपण रात्री दहाला भरतो आणि पहाटे पाचला पितो, ते होतात सात तास. सात तासांत काही होत नाही असं मी म्हणत नाही, पण 16 तासांच्या प्रयोगाचा निकाल सात तासांना लावता येत नाही. नॉर्थम्ब्रिया विद्यापीठाचे रॉब रीड आणि पंजाब विद्यापीठाचे संशोधक यांनी पितळेच्या भांड्यांवर असंच काम केलं, त्यात जंतू कमी व्हायला दोन दिवसांपर्यंतचा वेळ धरला होता.

आपल्याकडच्या टँकरच्या गढूळ पाण्याला तर हा निकाल आणखी कमी लागू पडतो. तांबं जंतूंवर काम करतं ते विरघळलेल्या रूपात. पाण्यात माती, पालापाचोळ्याचा अंश असला की तो तांब्याला धरून ठेवतो आणि जंतूंच्या वाट्याला थोडंच येतं. शिवाय काविळीचे विषाणू त्या प्रयोगात तपासलेलेच नव्हते. म्हणून टँकरच्या पाण्यात टीसीएल पडलेलं असू द्या, हंडा त्याची जागा घेत नाही.

जवारी_भाकर

मी भारतीय मानक बघितलं. आयएस 10500 मध्ये पिण्याच्या पाण्यात तांब्याची मर्यादा 0.05 मिलिग्रॅम दिलीय. त्या बंगळुरूच्या पाण्यातच 0.177 निघालं! म्हणजे साडेतीन पट. याचा अर्थ सरळ आहे, हे पाणी विषारी आहे आणि शोधनिबंध लिहिणाऱ्यांनी लपवलं. ताई, हंडा मोडीत द्या, तांब्याला भाव चांगला आहे.

भूजलवाला

आकडा बरोबर वाचलात, अर्थ चुकीचा लावलात. त्याच ओळीत पुढचा रकाना बघा. 0.05 ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तर चालवून घ्यायची मर्यादा 1.5 आहे. मानकाच्या 1991 च्या आवृत्तीत 0.05 चं कारणही छापलं होतं: त्यावर गेलं की पाण्याला तुरट चव येते, रंग बदलतो, नळ-भांडी खराब होतात. म्हणजे तो आकडा चवीचा आणि पाइपांचा आहे, यकृताचा नाही.

तब्येतीच्या हिशोबानं जागतिक आरोग्य संघटनेनं लिटरला 2 मिलिग्रॅम ठेवलंय. अमेरिकेत 1.3 ला कारवाई सुरू होते. 0.177 या सगळ्यांच्या खूप खाली आहे. कुणी काही लपवलेलं नाही. त्यांनी तुलना जागतिक संघटनेच्या मर्यादेशी केली होती, एवढंच.

आता उलट्या बाजूनं बघा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 0.9 मिलिग्रॅम तांबं लागतं. 0.177 च्या पाण्याचे दोन ग्लास, म्हणजे 400 मिलिलिटर, प्यायले तर पोटात गेलं 0.07 मिलिग्रॅम. गरजेच्या आठ टक्के. मूठभर शेंगदाण्यांत याच्या चार-पाच पट असतं, तिळाच्या चटणीचं तर विचारूच नका. आपल्या जेवणात तांब्याची वाण सहसा नसतेच. म्हणून हंड्यातलं पाणी तांब्याचं टॉनिक आहे हे मला पटत नाही, आणि चांगल्या पाण्याच्या जुन्या हंड्याला विष म्हणणंही पटत नाही.

कल्हईवाल्याचा_नातू

आमच्या आजोबांचा कल्हईचा धंदा होता, सेलू-मानवत भागात गावोगाव फिरायचे. लहानपणी मी भाता ओढलाय. नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा, डोळे झोंबायचे, मग कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचे आणि काळं पडलेलं भांडं आतून चांदीवानी व्हायचं.

सांगायचं हे की तांब्या-पितळेच्या भांड्यात स्वयंपाक करायचा तर आतून कल्हई लागायचीच. ताक, चिंचेचं सार, आमटी, कढी हे बिनकल्हईच्या भांड्यात ठेवलं की कळकायचं. हिरवट व्हायचं, तोंडात घेतलं की जीभ आखडायची. बायकांना हे पक्कं ठाऊक होतं, कल्हई उडाली की पहिल्यांदा ताकाचं भांडं बाजूला निघायचं. बिनकल्हईचं तांबं फक्त साध्या पाण्याला. आता लोक बाटलीत लिंबू पिळतात म्हणल्यावर आजोबांनी कपाळावर हात मारला असता.

आणखी एक, नवीन भांडं आणि घासून लख्ख केलेलं भांडं जास्त सुटतं. वापरून आतून तपकिरी साय धरली की कमी सुटतं. चिंच-मिठानं रोज चकचकीत करून लगेच पाणी भरणारे लोक उलटंच करतात. घासल्यावर दोनदा भरून ओतून द्या, मग पुढचं प्या.

अंबाजोगाईची_सून

धन्यवाद सगळ्यांना. कल्हईवाले दादा, तुम्ही लिहिलंय तसंच आहे. बाटलीच्या तोंडाशी आतून निळसर हिरवा थर आलाय. ह्यांना दाखवला तर म्हणाले तांबं "ॲक्टिव्ह" झालंय. आणि हो, ते रोज रात्री बाटली लिंबाच्या सालीनंच घासतात.

भूजलवाला

ताई, मग तुमच्या घरातली मळमळ मला तरी कोड्यात टाकत नाही. सगळ्या गोष्टी एकाच दिशेनं ढकलताहेत.

पहिलं आरओचं पाणी. आरओ पाण्यातले क्षार काढतं, पण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्या पडद्यातून तसाच पार होतो. क्षार गेले, वायू राहिला, म्हणून पाणी थोडं आंबट बाजूला झुकतं आणि धातूला जास्त खातं. तुमचं बोअरचं पाणी बसाल्टातलं, त्याचा सामू सहसा साडेसात-आठच्या आसपास. त्यात भांड्यावर थर बसतो आणि टिकतो.

दुसरं लिंबू. अर्ध्या लिंबानं बाटलीभर पाणी चांगलंच आंबट होतं आणि लिंबातलं आम्ल तांब्याला नुसतं विरघळवत नाही, धरूनही ठेवतं. अमेरिकेच्या अन्नविषयक नियमांत सामू 6 च्या खालचा पदार्थ उघड्या तांब्याच्या भांड्यात ठेवायला मनाई आहे. 2017 मध्ये तिथल्या आयोवा राज्यानं तांब्याच्या पेल्यातून लिंबाचा रस घातलेली दारू देण्याबद्दल इशारा काढला होता. तुमच्याकडं दारू नाही, पण लिंबू रात्रभर आहे, तिथं पेल्यात असतं पंधरा-वीस मिनिटं.

तिसरं बाटलीचा आकार. हंड्यात दहा-पंधरा लिटर पाणी असतं, त्याच्या मानानं त्याला धातू कमी लागतो. लिटरभराच्या अरुंद बाटलीत तेवढ्याच पाण्याला दुप्पट-तिप्पट धातू भिडतो. वरून रोज घासून साय काढताय. आणि सगळं उपाशीपोटी.

चिली, उत्तर आयर्लंड आणि अमेरिकेत निरोगी माणसांना उपाशीपोटी 200 मिलिलिटर तांबंमिश्रित पाणी देऊन बघितलंय. लिटरला 4 ते 6 मिलिग्रॅमच्या दरम्यान मळमळीच्या तक्रारी ठळक व्हायला लागल्या. ती बहुधा थोड्याच वेळात सुरू होते आणि थोड्याच वेळात जाते. तुमच्या मिस्टरांचं पाणी त्या पट्ट्यात किंवा वर गेलं असणार असा माझा अंदाज आहे. मोजल्याशिवाय ठाम सांगणार नाही. पण हे घाण बाहेर पडणं नाही. पोटाला तांबं झोंबतंय आणि पोट ते परत पाठवतंय.

पडताळा सोपा आहे. बाटली बंद करा, तेच जारचं पाणी, तेच लिंबू, पण स्टीलच्या किंवा काचेच्या ग्लासात आणि सकाळी पिळलेलं. मळमळ थांबली तर उत्तर मिळालं. नाही थांबली तर डॉक्टरकडं जा, कारण मग कारण दुसरं आहे.

जिभेवर मात्र फार विसंबू नका. साध्या शुद्ध पाण्यात तांब्याची चव कळायला लिटरला अडीच मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे चव यायच्या आधीच मर्यादा ओलांडलेली असते. आणि लिंबाच्या आंबटपणात ती चव आणखी झाकते.

बालाघाट

म्हणजे माझं पिंप बरं. माझं पाणी बोअरचंच आहे आणि मी लिंबू घालत नाही. पण बाळाचं काय? आम्हाला काय झालं?

परभणीची_बालरोगतज्ज्ञ

बाळाचं मी सांगते, आणि थोडं सविस्तर सांगते, कारण ही गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली आहे आणि नव्या पिढीच्या डॉक्टरांनासुद्धा फक्त पुस्तकातून माहीत आहे.

मी शिकत असताना आमचे सर सांगायचे की एके काळी वॉर्डात दीड-दोन वर्षांची लेकरं यायची, पोट फुगलेलं, यकृत दगडासारखं टणक, चिडचिडी, मग कावीळ. बहुतेक वाचायची नाहीत. एकाच घरातली दोन-दोन भावंडं जायची. त्याला भारतीय बालयकृतकाठिण्य म्हणायचे. यकृताचा तुकडा तपासला की तांबं प्रचंड साठलेलं दिसायचं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे, आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. 1983 मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांनी मांडलं की या लेकरांना फार लवकर वरचं दूध सुरू झालेलं असतं आणि ते दूध पितळेच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं असतं. नंतर 1987 मध्ये आजारी आणि निरोगी मुलांच्या दुधाचा इतिहास समोरासमोर ठेवून तपासला, तेव्हा तोच फरक दिसला. दुधातलं केसीन तांब्याला घट्ट पकडतं. पाण्यात जे मर्यादेत राहिलं असतं ते दुधात साचत जातं, आणि बाळाचं सगळं जेवण म्हणजे तेच दूध. शिवाय एवढ्या लहान वयात यकृताला जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही.

घराघरांतून पितळेची दुधाची भांडी गेली, स्टील आलं, आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

ऑस्ट्रियाच्या टायरोल भागातही असंच घडलं. तिथं 1900 ते 1974 दरम्यानची 138 बाळं 1996 मध्ये नोंदवली गेली. तिथली भांडी तांब्याची होती, दूध गाईचंच. भांडी बदलली, आजार थांबला.

म्हणून बालाघाट दादा, तुम्हाला काही झालं नाही याचा मला आनंदच आहे, पण ज्यांना झालं ते इथं लिहायला नाहीत.

ताई, पावडर हंड्यातल्या पाण्यात कालवू नका. पाणी स्टीलच्या भांड्यात उकळून घ्या. सासूबाईंना हाडांचा मुद्दा पटवायचा असेल तर सांगा की पावडरीत बाळाला लागतं तेवढं तांबं कारखान्यातच घातलेलं असतं, डब्यावर छापलेलं आहे, वाचून दाखवा. वरचं सगळं जादाच. अमेरिकेच्या तक्त्यात एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी दिवसाची कमाल मर्यादा 1 मिलिग्रॅम आहे, मोठ्या माणसासाठी 10. यावरून फरक समजेल.

जवारी_भाकर

बघा, मी म्हणलं होतं ना विष!

परभणीची_बालरोगतज्ज्ञ

नाही हो. गोष्ट इतकी सरळ नाही. त्या आजाराबद्दल अजूनही वाद आहे. पितळेत दूध पिणारी लाखो लेकरं होती, सगळ्यांना झाला नाही. काही घराण्यांत तो जास्त दिसायचा, तेव्हा आनुवंशिक कमजोरीही असणार असं बहुतेकांना वाटतं, पण जनुक काही पक्कं हाती लागलेलं नाही. जर्मनीत गॉटिंगेन भागात तांब्याच्या नळांचं पाणी पिणारी बाळं तपासली होती, त्यांत यकृताचा आजार आढळला नाही. म्हणजे नुसत्या पाण्यानं होतोच असं म्हणता येत नाही. मी बाळाला नको म्हणते ते फायदा शून्य आणि धोका असला तर मोठा म्हणून. मोठ्यांनी जुन्या हंड्यातलं साधं पाणी प्यायलं तर मला त्यात अडचण दिसत नाही.

वैद्य_नांदेडकर

आयुर्वेदाच्या नावानं बरंच काही खपवलं जातंय म्हणून दोन शब्द. पहाटे पाणी पिण्याला, उषःपानाला, आमच्याकडं जागा आहे. ताम्रालाही औषधात जागा आहे, पण शोधन-मारण करून, भस्म करून, मात्रा ठरवून, तीही रुग्ण बघून. अशोधित ताम्राचे दोष ग्रंथांत सांगितलेत, त्यांत वांती आणि भ्रम येतात. लिंबू पिळून तांबं विरघळवून पिणं याला कोणत्याही वैद्यानं परंपरा म्हणू नये. माझ्याकडं आम्लपित्ताचे रुग्ण येतात, त्यांतल्या काहींना मी पहिल्यांदा बाटली बंद करायला लावतो. निम्म्यांना तेवढ्यानं बरं वाटतं. निम्म्यांना नाही वाटत, त्यांचं आम्लपित्त खरंच आम्लपित्त असतं.

हंड्यातल्या पाण्यानं कोठा साफ होतो हे माझ्या रुग्णांकडून मी ऐकतो. पण उठल्यावर मोठा ग्लासभर साधं पाणी प्यायलं तरी बहुतेकांचा कोठा साफ होतो. तांब्याचं श्रेय किती, पाण्याचं किती, हे मला तरी वेगळं काढता आलेलं नाही.

किनवटचा_पाहुणा

आमच्याकडं बोअरला फ्लोराईड आहे, म्हाताऱ्यांच्या पाठी वाकल्यात. एक जण सांगून गेला की तांब्याच्या घागरीत रात्रभर ठेवलं की फ्लोराईड खाली बसतं. वरचं वरचं पाणी घ्यायचं. आम्ही तेच करतोय. किती इंच सोडायचं?

भूजलवाला

पाहुणे, एक इंचही उपयोगाचा नाही. तांबं फ्लोराईडला हात लावत नाही, नायट्रेटला नाही, क्षारालाही नाही. फ्लोराईड विरघळलेलं असतं, खालचं-वरचं पाणी सारखंच. तुमच्या गावात दुसऱ्या विहिरीचं किंवा नळयोजनेचं पाणी तपासून घ्या. ग्रामपंचायतीकडून नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. आणि पाण्यावर उपाय होईपर्यंत लेकरांच्या पिण्याचं पाणी तरी त्या बोअरचं नको. हे तांब्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे, वेगळा धागा काढा, मी लिहीन.

गोदाकाठ

मला विल्सन्स डिसीज आहे, साधारण तीस हजारांत एकाला असतो म्हणतात. माझ्या शरीरातून तांबं बाहेर पडत नाही. कळायला उशीर झाला, हात थरथरायचे, सगळे म्हणायचे टेन्शन आहे. डोळ्याच्या डॉक्टरांना बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसलं तेव्हा कुठं तपासणी झाली. आता आयुष्यभर गोळ्या. घरातलं तांब्या-पितळेचं पिण्याचं सगळं बंद. एवढंच सांगायचंय, घरात कुणाला लहान वयात यकृताचा त्रास झाला असेल, तर भावंडांनी आधी तपासून घ्यावं. मर्यादेचे हे आकडे आमच्यासारख्यांसाठी नाहीत.

लातूरचा_सोनार

तांब्याचं कडं घातलं तर चालेल का? हातात घातलं तर ते पाण्यासारखंच शरीरात उतरतं ना? आमच्याकडं साडेतीनशेला आहे.

हिरवी_मिरची

सोनार भाऊ, धागा पाण्याचा आहे. दुकान दुसरीकडं मांडा.

अंबाजोगाईची_सून

ताज्या बातम्या. बाटली बंद केली, लिंबू स्टीलच्या ग्लासात सुरू. मळमळ गेली. हे मात्र मानायला तयार नाहीत, म्हणतात लिंबू बदललं म्हणून. बाटली कपाटात गेलीय, फेकू दिली नाही, महाग आहे म्हणे.

सासूबाईंना डॉक्टरताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्यांच्या चुलत जावेची दोन लेकरं अशीच पोट फुगून गेली होती, दृष्ट लागली म्हणायचे. पावडर आता स्टीलमधल्या उकळलेल्या पाण्यातच कालवायची, हे त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. हंडा मात्र मोठ्यांसाठी राहणार. मलाही ते चालतंय.

भूजलवाले काका, हंड्याचं पाणी एकदा तपासून घ्यावं म्हणते. नमुना कसा घ्यायचा?

भूजलवाला

प्रयोगशाळेला आधी फोन करा, तांबं तपासायचंय असं स्पष्ट सांगा. नेहमीच्या तपासणीत क्षार, कठीणपणा, क्लोराईड असलं बघतात, तांबं वेगळं मागावं लागतं. धातूसाठी बाटली त्यांच्याकडूनच घ्या. प्लॅस्टिकची असते आणि आत बहुधा आम्लाचे थेंब असतात, ती विसळायची नाही आणि वर येईपर्यंत भरून सांडायचीही नाही. आम्ल नसेल तर तांबं बाटलीच्या भिंतीला चिकटतं आणि आकडा खोटा कमी येतो.

हंडा नेहमीसारखा घासा, नेहमीसारखा भरा, रात्रभर ठेवा. मुद्दाम काळजी घेऊ नका, रोज जसं पिता तसंच मोजायचंय. सकाळी स्वच्छ स्टीलच्या पळीनं पाणी ढवळा आणि मधून नमुना घ्या, कारण सुटलेला थोडा थर तळाला बसलेला असतो. सोबत दुसरी बाटली त्याच बोअरच्या पाण्याची घ्या, पण स्टीलच्या पातेल्यात तितकाच वेळ ठेवलेल्या. नाहीतर तांबं हंड्यातून आलं की मोटारीच्या पितळी जोडणीतून, हे सांगता येत नाही.

एक शक्यता मनात ठेवा. तुमच्या पाण्यात बायकार्बोनेट फार असेल, आणि मराठवाड्यात ते पुष्कळदा असतं, तर सामू आठ असूनही तांबं अंदाजापेक्षा जास्त उतरू शकतं. बंगळुरूचा आकडा अंबाजोगाईला जसाच्या तसा लागेल असं समजू नका. 1.5 च्या खाली आला तर मोठ्यांनी प्यायला हरकत नाही. 2 च्या वर आला तर हंडा आंघोळीच्या पाण्याला. मधे आला तर भांडं रोज चकचकीत करणं थांबवा आणि महिन्याभरानं परत मोजा.

बालाघाट

माझ्या पिंपाचंही मोजतो. पितळेची तोटी आहे त्याला. जास्त आलं तर तोटी बदलू का पिंप?

कल्हईवाल्याचा_नातू

आधी तोटी. तोटीत रात्रभर अडकलेलं पाणी पहिल्या अर्ध्या ग्लासात येतं. तेवढं ओतून द्या आणि पुढचं मोजायला घ्या. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं, कधीकधी शिसंही. म्हणून काका, तोटीचं पाणी शिशासाठी पण तपासायला सांगावं का?

भूजलवाला

सांगावं. आणि त्या तपासणीला तो पहिला अर्धा ग्लास ओतू नका, तोच वेगळ्या बाटलीत घ्या.